आलोचकाका

व्हिडिओ कॅसेटच्या पाठीला, एका कोपऱ्यात, नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा असायचा. तो मोडला की त्या कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड करता येत नसे. लग्नाची कॅसेट गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी माझा थोरला भाऊ तो तुकडा स्क्रूड्रायव्हरने मोडायचा. कच्च्या कॅसेटचा, म्हणजे ज्यात सगळं चित्रण जसंच्या तसं असे तिचा, मात्र कधी मोडायचा नाही, कारण ती पुढच्या कामाला पुन्हा वापरायची असे. तेव्हा सगळेच व्हिडिओवाले असं करत. या एका सवयीपायी आम्ही बहीणभावाने एका माणसाच्या बायकोला पुसून टाकलं, आणि वर त्याच माणसाला सफारी घालून दर रविवारी हॉलभर लोकांना हसवत राहिलो.

ऐंशीच्या दशकातली, मधल्या वर्षांतली गोष्ट. मी निर्मळला राहत होते, गावातल्या शाळेत शिकवत होते आणि चर्चच्या सणाला तरुण मंडळाची नाटुकली लिहीत होते. तोंडाने फटकळ होते, अजूनही आहे. दादाने वाडीतल्या पंपाच्या खोलीशेजारी स्टुडिओ काढला होता. स्टुडिओ म्हणजे एक टीव्ही, एकमेकांना जोडलेले दोन व्हीसीआर आणि केळीचे घड ठेवायची जुनी फळी. एका व्हीसीआरवर कच्ची कॅसेट चालवायची आणि हवं तेवढंच दुसऱ्यावर उतरवून घ्यायचं, असं आमचं एडिटिंग. प्रत्येक जोडावर चित्र एक उडी मारायचं.

विरार पूर्वेला, चंदनसारच्या रस्त्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये एक व्हिडिओ हॉल होता. त्याचा मालक एकदा दादाकडे आला. त्याचं दुखणं वेगळंच होतं. रविवारी दुपारच्या सिनेमाला लोक अर्धा तास उशिरा येत, अंधारात एकमेकांच्या पायांवर पाय देत आणि मग भांडत.

"बॉस, सिनेमाच्या आधी पाच मिनिटांचं काहीतरी कॉमेडी बनव," तो म्हणाला. "दर संडेला नवीन, पण माणूस तोच. पब्लिक त्याच्यासाठी टाइमावर आली पाहिजे. चार संडे बघतो. नाय जमलं तर बंद."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी नाटुकली लिहायची ना, मग हे काय अवघड, असा त्याचा हिशेब. मलाही तसंच वाटलं. आधी उड्या मारायच्या आणि मग खोली बघायची, ही आमच्या घराण्याची रीतच आहे.

माणूस कोण करायचा, ते दादाच्या धंद्यातूनच आलं. प्रत्येक लग्नात एक तरी असा गृहस्थ असतो, ज्याला काही करून फोटोत यायचं असतं. कॅमेरा वळला की हा तिथे हजर, खिशातून कंगवा बाहेर. त्याच्या कामासाठी दादाला जूचंद्रचे एक काका आठवले. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात दादाने त्यांच्या मुलीचं लग्न चित्रित केलं होतं. जन्म मिठागरात आणि शेतात गेलेला, गावच्या नाटकात मात्र वर्षानुवर्षं विनोदी काम करणारा माणूस. बारीक अंग, लांब हात, आणि चेहरा असा, की तो गंभीर असला तरी समोरच्याला हसू यावं.

काका आले. मानधनाचं काढताच त्यांनी हात हलवला.

"पैशांचं नको. माझं येक काम करा. पोरीच्या लग्नाची तुमी दिलेली कॅसेट बगितली. तिच्यात मी हाय, माझी मंडली पन हाय. पन दोगं एका ठिकानी कुटंच नाय. तुमच्याकडं ती मोटी, सगली कॅसेट असंल ना? तिच्यात बगा. कुटं तरी असू आमी."

मंडळी म्हणजे त्यांची बायको. लग्नानंतर गणपतीच्या दिवसांत ती वारली होती. त्यांच्या स्वतःच्या लग्नात फोटोवाला नव्हता. मुलीचं कन्यादान रिवाजाप्रमाणे काकांच्या थोरल्या भावाने आणि वहिनीने केलं. हे मात्र दिवसभर पंगत, पाणी, पाहुणे करत धावत राहिले, त्यामुळे फोटोंच्या अल्बममध्येही जोडीने नव्हते. म्हणजे राहिली होती ती एक कच्ची कॅसेट. दादा म्हणाला, "असेल काका, शोधतो." मी तर नीट ऐकलंही नाही. माझ्या डोक्यात पहिल्या भागातला विनोद घोळत होता.

पहिले दोन भाग पडले. म्हणजे लोक हसले, पण भाग पडले. आमचा माणूस फोटोत घुसायला लोकांना ढकलायचा, मग कुणीतरी त्याला ढकलायचं, शेवटी तो शेणाच्या पाटीत नाहीतर पाण्याच्या पिंपात. काकांनी जीव ओतला होता. मी हॉलच्या बाजूच्या दारात उभी राहून पडद्याऐवजी बाकांकडे बघत होते. लोक पडण्यावर हसायचे आणि हसून झालं की लगेच शेजाऱ्याशी बोलायला लागायचे. दुसऱ्या रविवारी तोच माणूस दिसल्यावर एकाच्याही तोंडावर ओळख उमटली नाही. बाहेर पडणाऱ्या दोन बायकांना मी विचारलं, "सुरुवातीचं कसं वाटलं?" एक म्हणाली, "तो कोणतरी पिंपात पडला ते ना?"

कोणतरी! मला इतका राग आला की परतीच्या वाटेवर मी दादाशी बोलले नाही. चूक त्याची नव्हती, पण जवळ तोच होता.

घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर मी त्या माणसाशी भांडत बसले. त्याला काय हवं ते ठाऊक होतं: फोटो. मग लोकांना त्याचं काहीच का वाटत नव्हतं? कारण त्याला अडवणारे दुसरे होते. त्याला ढकललं की तो पडत होता, कुणालाही ढकललं तरी पडलंच असतं. मग काकांचं ते बोलणं, जे मी कानामागे टाकलं होतं, आपोआप पुढे आलं. काका फोटोत का नव्हते? कुणी ढकललं म्हणून नव्हे. कुणाला तरी पाणी हवं होतं म्हणून.

त्या दिवशी मला तो माणूस सापडला. त्याला फोटोत यायचं असतं, अगदी जीव तोडून यायचं असतं. जागाही मिळालेली असते. पण ऐन वेळी त्याला कुणाची तरी अडचण दिसते आणि ती दिसल्यावर त्याला बसवत नाही. म्हणजे त्याचा फोटो चुकवणारा तोच. अडचण दर आठवड्याला वेगळी, बाकी सगळं तेच: तीच तपकिरी, एक माप मोठी सफारी, तोच कंगवा, उठताना खुर्चीवर जागा धरायला ठेवलेला तोच रुमाल आणि तेच दोन शब्द, "आलोच हां!" तो कुणावर चिडणार नाही, कुणाला बोल लावणार नाही. आणि मागच्या रविवारी काय झालं ते त्याच्या लक्षात नसेल. दर खेपेला तो पहिल्यांदाच आल्यासारखा, आज तर नक्की, अशा तोंडाने येईल. लक्षात ठेवायचं काम लोकांचं. त्याच्या आधी त्यांना कळायला हवं की हा आता उठणार, आणि त्याने उठू नये असंही वाटायला हवं.

दादा म्हणाला, "ह्यात पडायचं कुठे?"

"पडायचं नाही."

"मग हसायचं कुठे?"

"तू कॅमेरा धर," मी म्हणाले.

तिसरा भाग बारशाचा होता. ओटीवर सगळे फोटोला बसलेत. काका केस विंचरून खुर्चीत ताठ बसलेत. फोटोवाला "हसा" म्हणतो, तेवढ्यात काकांना मागे उभी असलेली म्हातारी दिसते. ते एकदा तिच्याकडे बघतात, एकदा फोटोवाल्याकडे. रुमाल ठेवतात. "आलोच हां!" खुर्ची घेऊन धापा टाकत येतात तोवर लोक उठून पांगलेले. काका रुमाल उचलतात, झटकतात, चार घड्या घालतात आणि खिशात ठेवतात. मी लिहिलं होतं एवढंच, पण त्या घड्या काकांनी अशा घातल्या की कॅमेऱ्यामागे दादा नाक ओढायला लागला.

हॉलमध्ये लोक हसले. आणि रुमालाच्या वेळी बाकांमधून आवाज आला, "अरेरे!" शंभर एक माणसांचं ते अरेरे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. बाहेर कुणी 'कोणतरी' म्हणालं नाही. पुढच्या बाकावर नेहमी बसणारी एक जाडजूड बाई दादाला म्हणाली, "काय हो, एक फोटो काढायला काय जातं तुमचं?"

चौथ्या रविवारी घंटेच्या आधी हॉल भरला. काका पडद्यावर येताच पोरांनी ओरडायला सुरुवात केली, "नको जाऊ! नको जाऊ!" काका गेलेच. मालक खूष होता. नवीन येणाऱ्यांना पहिला भागही दाखवायचा म्हणून त्याने त्याची आणखी एक प्रत मागितली. सोमवारी दादाने पहिल्या भागाच्या चित्रणाची मूळ कॅसेट लावली.

मी शेजारी वह्या तपासत बसले होते. काका पिंपात पडले, दादाचा "कट" ऐकू आला, मग पडद्यावर मुंग्या आल्या. दादा चहा ओतत होता, त्याने कॅसेट थांबवली नाही. मुंग्या संपल्या आणि खोलीत धवलारीण गायला लागली. लग्नात धवले गाणाऱ्या बाईचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. पडद्यावर मांडव होता, जूचंद्रचा.

दादाने झडप घालून बटण दाबलं. मग कॅसेट बाहेर काढून तिची पाठ बघितली. चिठ्ठी चिकटवलेल्या जागी नुसता डिंकाचा डाग होता, आणि कोपऱ्यातला तुकडा शाबूत.

"किती गेलं?" मी विचारलं.

"चाळीस मिनिटं. तालीम धरून."

"त्यात होते का ते दोघं?"

"मला काय माहीत, बाय! वर्ष झालं त्याला. वर्षात चाळीस लग्नं केलीत मी."

पुढचं लावून बघायचं धैर्य दोघांनाही झालं नाही. पुढे काहीच नसलं तर? न बघता निदान ते नक्की झालं नव्हतं. दादाने ती कॅसेट फळीवर, सुकेळ्यांच्या डब्यामागे ठेवली आणि म्हणाला, "हे भाग संपू देत, मग सांगू. आता सांगितलं तर ते येणार नाहीत." मला हे पटलं, हे लिहिताना आज लाज वाटते. पण पटलं. आपण घडवलेल्या माणसासाठी लोक पहिल्यांदा वेळेवर येत होते आणि मला ते हवं होतं.

पाचव्या भागासाठी काका दोन वाहनं बदलून आले. वाडीच्या फाटकातूनच विचारलं, "मिलाली का ती?"

"शोधतोय," दादा म्हणाला.

"बगा, बगा. घाई नाय."

ते 'घाई नाय' मला दिवसभर टोचत राहिलं. मी सगळ्यांवर उखडले, काकांवरही. रुमालाच्या घड्या पाच का घातल्या म्हणून त्यांना बोलले. "चुकलं, बाई," म्हणून त्यांनी पुन्हा चार घातल्या.

पाचवा भाग तर असा चालला की पोरं काकांच्या आधीच "आलोच हां" म्हणायला लागली आणि त्या माणसाचं नावच आलोचकाका पडलं. काकांना नायगाव स्टेशनवर एका अनोळखी माणसाने थांबवून विचारलं, "निघाला का हो फोटो?" काकांनी हे मला हसत सांगितलं आणि म्हणाले, "मी बोललो, निगल. शोध चालू हाय." हॉलचा मालक आणखी बारा भाग मागत होता. दादा माझ्याकडे बघत नव्हता आणि मी त्याच्याकडे.

सहावा भाग मी एका बैठकीत लिहिला. आमचा आलोचकाका जुने अल्बम उलटत बसलाय, कुठे तरी आपण असू म्हणून. एका फोटोत त्याला कडेला कोपर दिसतं. नुसतं कोपर, तपकिरी बाही. तो ते सगळ्यांना दाखवत सुटतो, "हा मी!" लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूष होते. हसता हसता रडू यावं असं बरोब्बर जमलं होतं.

काकांनी ओटीच्या पायरीवर बसून तो कागद वाचला. अक्षरं लावत, ओठ हलवत, हळूहळू. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे बराबर लिवलंय, बाई. असंच व्हतं. मी पन तसाच बगतो, कुटं हात, कुटं पाट. तुमाला कसं कललं?"

मला ते कळलं नव्हतं, मी ते त्यांच्याकडून उचललं होतं. आणि ज्या कॅसेटमध्ये कोपराहून जास्त काही मिळालं असतं, ती आमच्या डब्यामागे पडली होती. माझ्याने पुढे ऐकवेना.

"काका, कॅसेट सापडलीय," मी म्हणाले. "पंधरा दिवस झाले. आमच्या हातून तिच्यावर रेकॉर्डिंग झालंय. पहिला भाग. सुरुवातीची चाळीस मिनिटं गेली."

दादाने कॅमेरा खाली ठेवला. काकांनी सफारीचा कोट काढला, बाह्या आत घालून घडी केली, वर कंगवा आणि रुमाल ठेवला आणि सगळं ओटीवरच्या बाकावर नीट मांडलं. मग फाटकातून निघून गेले. ते मोठ्याने ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्या रविवारी सहावा भाग नव्हताच. मी हॉलच्या दारात उभी होते. सिनेमा सुरू झाला तरी लोक कुजबुजत होते. जाडजूड बाईने मालकाला विचारलं, "आजारी आहेत का ते?" कुणी म्हणालं, मुलीकडे गेले असतील. त्या माणसाला मुलगी आहे असं आम्ही कुठल्याच भागात दाखवलं नव्हतं. लोकांनीच त्याला घरदार देऊन टाकलं होतं.

मालक तडकला. "त्यात काय एवढं? सफारी तर आहे ना तुमच्याकडे?" असं म्हणून दुसऱ्या दिवशी आपला तिकीटवाला घेऊन निर्मळला आला. सफारी त्याला काकांपेक्षा जास्त चांगली बसली. दादाने बारशाचाच एक शॉट पुन्हा घेतला. तिकीटवाला रुमाल ठेवून, "आलोच हां" म्हणून गेला. सगळं वहीप्रमाणे. पण तो उठला, कारण त्याला उठायला सांगितलं होतं. म्हातारीकडे त्याने बघितलंच नव्हतं. मी मालकाला सांगितलं, "हे दाखवाल तर पब्लिक बाक मोडेल." तो म्हणाला, "मग आणा तुमचा म्हातारा." पुढच्या रविवारपर्यंत आणला नाही तर सगळंच बंद.

पण आता मला हॉल चालू राहण्याशी कर्तव्य नव्हतं. मी दादाला म्हणाले, "कॅसेट घेऊन जूचंद्रला जाऊ. पुढे काय आहे ते पहिल्यांदा त्यांनी बघायचं. आपण नाही."

"पुढे काही नसेल तर?"

"तर समोर उभं राहायचं."

शनिवारी शाळा सुटल्यावर व्हीसीआर टॉवेलात गुंडाळून आम्ही गेलो. काका अंगणात जाळं विणत बसले होते. त्यांनी मान वर केली, पण 'बसा' म्हणाले नाहीत. दादाने माफी मागितली. मीही मागितली, आणि माझ्यासारखीला ते येत नसल्यामुळे फार वाईट मागितली. "उरलंय ते आणलंय," मी म्हणाले. "आम्ही बघितलेलं नाही."

बराच वेळ सुई जाळ्यातून आत-बाहेर होत राहिली. मग काका उठले. शेजारच्या घरात टीव्ही होता. तिथली माणसं त्यांनी बाहेर काढली आणि म्हणाले, "लावा."

कॅसेट सुरुवातीला गुंडाळलेली होती. पडद्यावर काका लोकांना ढकलत होते. दादाने पुढे पळवायला हात नेला.

"पलवू नका," काका म्हणाले.

आम्ही चाळीसच्या चाळीस मिनिटं बघितली. एकच पडणं सात वेळा. दादाचा "कट", माझं ओरडणं, "काका, जोरात पडा!" कुणी हसलं नाही. मी माझ्या नखांकडे बघत बसले. मग मुंग्या आल्या, आणि धवलारीण गायला लागली.

मांडव. माणसांची गर्दी. पोरं. अक्षता वाटणारा एक मुलगा. कॅमेरा फिरत फिरत एका रांगेवर आला आणि काकांचा श्वास ऐकू आला. हिरव्या लुगड्यातली एक बाई लोखंडी खुर्चीवर बसली होती. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिने तिच्यावर हात ठेवला होता. एक पाहुणी बसायला आली, तर बाईने मान हलवून नाही म्हटलं. कॅमेरा नवऱ्यामुलाकडे गेला. परत आला तेव्हा बाई तिथेच, हात खुर्चीवर तसाच. पुन्हा गेला, पुन्हा आला. आता खुर्चीवर तिची पिशवी होती आणि पिशवीवर हात. तिने कॅमेऱ्याच्या पलीकडे कुणाकडे तरी बघून बोटं हलवली, या ना. चित्राबाहेरून काकांचा आवाज आला, "आलो, आलो!" बाईने कपाळाला हात लावला आणि हसली. कॅमेरा पंगतीकडे वळला.

शेवटपर्यंत बघितलं. ते दोघं एका चित्रात कुठेच नव्हते.

"हिच्या आधीचं?" काकांनी विचारलं.

"ते गेलं, काका," मी म्हणाले. "तिथे आता तुम्ही आहात."

त्या चाळीस मिनिटांत ते दोघं शेजारी बसलेले होते की नाही, हे आता कुणालाच कधी कळणार नाही. हे तिघांनाही एकदमच समजलं असावं. काका काळ्या पडद्याकडे बघत म्हणाले, "म्हंजे ती व्हती तिथं मीच बसलोय."

दादाला रडू फुटलं. तो घाईघाईने म्हणाला, "काका, तुमचं ते काढून टाकतो. फक्त काकींचं उतरवून देतो, नव्या कॅसेटवर."

"नको." काका कधी नव्हे ते मोठ्याने बोलले. "काय पुसायचं नाय आता. आदी मी, मंग ती. दोगं एकात हाव ना? ऱ्हाऊ द्या." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "उद्याचं काय लिवलंय?"

"काही नाही."

"मंग माझं ऐका. त्याच्या बाजूला येक खुर्ची ठेवा. आनि उद्याचा शेवटचा. परत मी येनार नाय."

रविवारी सकाळी निर्मळला अंगणात आम्ही तो भाग चित्रित केला. शेवट काय करायचा ते त्यांनी मला सांगितलं नाही. तिसऱ्या भागापासून मी बजावत होते की आलोचकाका उठलाच पाहिजे, नाहीतर तो आलोचकाका नव्हे. त्या दिवशी मी तोंड बंद ठेवलं.

दुपारी काका पहिल्यांदाच हॉलमध्ये आले. दिवे गेल्यावर मागच्या बाकावर, माझ्या शेजारी बसले. पडद्यावर आलोचकाका केस विंचरून फोटोला बसला. शेजारच्या खुर्चीवर त्याने रुमाल ठेवला, हे लोकांना नवीन होतं. फोटोवाला "हसा" म्हणाला, तोच एका पाहुण्याच्या हातातला ग्लास कलंडला. हॉलभर ओरडा झाला, "नको जाऊ! नको जाऊ!" आलोचकाका अर्धा उठला. ग्लासाकडे बघितलं, मग रिकाम्या खुर्चीकडे. आणि परत बसला. रुमालावर हात ठेवला, कॅमेऱ्याकडे बघून हसला. फोटो निघाला.

लोकांनी शिट्ट्या मारल्या, बाक बडवले. मग आवाज आपोआप खाली आला, कारण चित्र तिथेच थांबलं होतं. तो, आणि शेजारी रिकामी खुर्ची. पुढच्या बाकावरून जाडजूड बाई जोरात म्हणाली, "पण बाजूला कोण बसणार होतं?"

माझ्या शेजारच्या अंधारातून उत्तर आलं, "आलीच हां ती."

तो आवाज ओळखून सगळा हॉल मागे वळला, पण काका तोवर उठून दाराबाहेर गेले होते. मी मागोमाग गेले. दादा सायकलपाशी लग्नाची ती कच्ची कॅसेट घेऊन उभा होता. त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, कोपऱ्यातला तुकडा मोडला आणि कॅसेट काकांच्या हातात दिली. काकांनी खाली वाकून तो तुकडा मातीतून शोधून काढला, रुमालात ठेवला आणि रुमालाला चार घड्या घातल्या.